लहान मुळावर श्रेणी अडते तेव्हा: खाडीच्या समीकरणावरून इंडिशियल समीकरणाची एक नेहमीची अडचण

फ्रोबेनियस पद्धतीने डिफरन्शियल समीकरण सोडवताना विद्यार्थी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडतात. इंडिशियल समीकरणाची दोन मुळे मिळतात, मोठ्या मुळावरून पहिली श्रेणी व्यवस्थित उलगडते, मग त्याच सूत्रात लहान मूळ घातले की एखाद्या पायरीवर शून्याने भागण्याची वेळ येते. तेथून पुढे वहीत साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट दिसते. कोणी ‘दुसरे उत्तर अस्तित्वात नाही’ असे लिहून थांबतो, कोणी अडलेला सहगुणक शून्य धरून पुढे जातो, आणि कोणाला नकळत पहिलेच उत्तर पुन्हा सापडते व तो त्यालाच दुसरे समजतो. या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत. तिसरी ओळखायला सोपी आहे. दुसरी मात्र इतकी फसवी आहे की तिच्यावरून काढलेले आकडेसुद्धा बरोबर वाटतात. म्हणून या लेखाचा भर तिच्यावर आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या मुखाशी रुंद व खोल असतात आणि आत जावे तशा अरुंद व उथळ होत जातात. अशा खाडीचा अगदी सोपा नमुना असा करता येतो: खाडीच्या आतल्या टोकापासून मुखाकडे अंतर `x` मोजायचे, आणि रुंदी व खोली दोन्ही `x`च्या समप्रमाणात वाढतात असे मानायचे. भरतीच्या लाटेची लांबी खोलीच्या मानाने फार मोठी असल्यामुळे उथळ पाण्यातील लांब लाटांचे समीकरण लागू पडते. खोली `h = αx` असेल आणि घर्षण सोडून दिले, तर पाण्याच्या चढउताराचे प्रमाण `y` पुढील समीकरण पाळते.

```
(x² y')' + k x y = 0,   k = ω²/(gα)
```

येथे `ω` ही भरतीची कोनीय वारंवारता आहे. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तकाल सुमारे १२ तास २५ मिनिटे असतो. मुखाशी, म्हणजे आतल्या टोकापासून ४० किलोमीटरवर, खोली ८ मीटर धरली, तर `k` जवळजवळ ०.०१ प्रति किलोमीटर येतो. ही कल्पित खाडी आहे, कोकणातल्या कोणत्याही एका खाडीचे मोजमाप नव्हे; पण आकडे अशक्यही नाहीत. `t = kx` असे नवे चल घेतले की मुखाशी `t = 0.4` होते आणि समीकरणातून सर्व भौतिक राशी निघून जातात.

```
t y'' + 2 y' + y = 0
```

पहिली तपासणी करायची ती मुळे काढण्यापूर्वी, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. बरेच जण या समीकरणातले २ आणि १ हे सहगुणक थेट उचलून `r(r-1) + 2r + 1 = 0` असे इंडिशियल समीकरण लिहितात, त्यातून सदसत् मुळे काढतात आणि मग लॉगॅरिदमच्या साइन-कोसाइनमध्ये गुरफटतात. योग्य रीत अशी की, आधी समीकरणाला `t`ने भागून `y''`चा सहगुणक १ करायचा. मग `y'`चा सहगुणक `2/t` होतो आणि `y`चा `1/t`. पहिल्याला `t`ने आणि दुसऱ्याला `t²`ने गुणले की `2` आणि `t` मिळतात. दोन्ही शून्याशी सुरळीत आहेत, म्हणून `t = 0` हा नियमित सिंग्युलर बिंदू आहे. शून्याशी त्यांच्या किमती २ आणि ० आहेत, म्हणून खरे इंडिशियल समीकरण असे आहे.

```
r(r-1) + 2r + 0 = r(r+1) = 0
```

मुळे ० आणि −१. (खोली `x`ऐवजी `x³`च्या प्रमाणात बदलते आणि रुंदी स्थिर आहे असे मानले असते, तर `t²`ने गुणल्यावरही छेदात `t` उरला असता व बिंदू नियमित राहिला नसता. वहीत त्याची खूण अशी दिसते की सर्वांत खालच्या घाताच्या समीकरणात `r` उरतच नाही आणि थेट `a₀ = 0` असे निघते. असे झाले तर फ्रोबेनियस पद्धत तेथेच सोडून द्यावी.)

आता `y = Σ aₙ tⁿ⁺ʳ` ही श्रेणी समीकरणात घालून समान घातांचे सहगुणक जुळवले की पुढील पुनरावर्ती संबंध मिळतो.

```
(n+r)(n+r+1) aₙ = − aₙ₋₁
```

या संबंधाची डावी बाजू नीट पाहावी. इंडिशियल बहुपदी `r(r+1)` आहे, आणि `aₙ`ला गुणणारा अवयव म्हणजे त्याच बहुपदीत `r`च्या जागी `r+n` घातल्यावर येणारी किंमत. इंडिशियल समीकरणाचे काम पहिला घातांक ठरवून संपत नाही; पुढच्या प्रत्येक पायरीचा भाजक तेच पुरवते. त्यामुळे अडचण कोठे येणार हे आकडेमोड सुरू करण्यापूर्वीच सांगता येते. लहान मुळापासून निघून `n` पायऱ्यांनंतर आपण नेमके मोठ्या मुळावर पोहोचत असू, तर त्या पायरीवर भाजक शून्य होणार. म्हणजे मुळांमधला फरक धन पूर्णांक असेल, तर तो फरक हाच अडणाऱ्या पायरीचा क्रमांक असतो. येथे फरक १ आहे, म्हणून अडचण पहिल्याच पायरीवर उभी राहते.

मोठे मूळ `r = 0` घेतल्यास कोणताही भाजक शून्य होत नाही, कारण त्याच्या पुढे पूर्णांक अंतरावर दुसरे मूळ नाही. `a₀ = 1` धरून पहिले उत्तर असे येते.

```
y₁ = 1 − t/2 + t²/12 − t³/144 + ...
```

लहान मूळ `r = −1` घेतल्यास संबंध `n(n−1) aₙ = −aₙ₋₁` असा होतो, आणि `n = 1` घातल्यावर `0 · a₁ = −a₀` असे वाक्य समोर येते. `a₀` शून्य नाही असे आपणच मानलेले असल्यामुळे हे वाक्य खोटे आहे, आणि `a₁`ची कोणतीही किंमत ते खरे करू शकत नाही.

येथून फुटणाऱ्या चुकीच्या वाटा आता स्पष्ट दिसतात. विरोध टाळण्यासाठी `a₀ = 0` मानले तर `a₁` स्वैर राहतो, पण मग श्रेणी `t⁻¹ · a₁t`पासून, म्हणजे स्थिरांकापासून सुरू होते आणि उलगडून पाहता `a₁` पट `y₁` मिळते. दुसरे उत्तर म्हणून पहिलेच परत येते ते असे. याउलट `0 · a₁ = −a₀` या वाक्याकडे डोळेझाक करून `a₁ = 0` लिहिले, तर पुढचे सर्व सहगुणक शून्य होतात आणि `y = 1/t` असे सुटसुटीत उत्तर हाती येते. ते समीकरणात घालून पाहिले तर डावी बाजू `1/t` येते, शून्य नाही. हे पडताळायला दोन ओळी लागतात. पण उत्तर इतके नीटनेटके दिसते की त्या दोन ओळी सहसा कोणी लिहीत नाही.

खरा उपाय असा की, नुसत्या घातांच्या श्रेणीत न मावणारा भाग लॉगॅरिदमच्या पदाने भरून काढायचा. दुसरे उत्तर पुढील रूपात घ्यावे.

```
y₂ = C y₁ ln t + t⁻¹ (1 + b₁t + b₂t² + b₃t³ + ...)
```

`y₁ ln t` समीकरणात घातल्यावर `ln t` असलेली सर्व पदे जातात, कारण `y₁` हे स्वतःच उत्तर आहे. मागे उरते फक्त `2y₁' + y₁/t`. `y₁`चे सहगुणक `cₙ` म्हटले (`c₀ = 1, c₁ = −1/2, c₂ = 1/12`), तर सहगुणकांची नवी जुळणी अशी होते.

```
m(m−1) bₘ + bₘ₋₁ + C(2m−1) cₘ₋₁ = 0
```

`m = 1` घालून पाहू. `b₁`चा गुणक अजूनही शून्यच आहे, त्यात काही बदल झालेला नाही. पण आता वाक्य `1 + C = 0` असे आहे आणि ते `C = −1` घेऊन खरे करता येते. जी पायरी आधी विरोध दाखवत होती तीच आता `C` ठरवते. `b₁` मात्र स्वैर राहिला, तो शून्य घेऊ. पुढे `m = 2`वरून `2b₂ + 3/2 = 0`, म्हणजे `b₂ = −3/4`. `m = 3`वरून `6b₃ − 3/4 − 5/12 = 0`, म्हणजे `b₃ = 7/36`. आणि त्याच रीतीने `b₄ = −35/1728`. एकत्र लिहिल्यास:

```
y₂ = −y₁ ln t + 1/t − 3t/4 + 7t²/36 − 35t³/1728 + ...
```

`b₁` स्वैर असल्यामुळे आणखी एक तक्रार नियमितपणे ऐकू येते, ती म्हणजे ‘माझे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही’. दोघांनी `b₁` वेगळा निवडला असेल तर दोघांच्या `y₂`मध्ये `y₁`च्या एखाद्या पटीचा फरक पडतो, आणि दोन्ही उत्तरे तितकीच बरोबर असतात. संगणकावर बेसेल फलने वापरून ताळा घेतला तरी हाच अनुभव येतो. आपले `y₁` म्हणजे `J₁(2√t)/√t`, हे थेट जुळते. पण `−π Y₁(2√t)/√t` याची `t = 0.04`ला किंमत २७.९७ येते, तर आपल्या श्रेणीने `y₂` २८.१३ येतो. फरक `y₁`च्या −०.१५४४ पटीचा आहे, आणि ही संख्या म्हणजे `1 − 2γ`, जेथे `γ` हा ऑयलरचा स्थिरांक आहे. `t` बदलून पाहिला तरी हीच पट राहत असेल, तर चिंतेचे कारण नाही.

दुसरे उत्तर खरोखर लागते का, हा प्रश्न रास्त आहे. खाडी आतल्या टोकापर्यंत मोकळी असेल आणि तेथून पाण्याची ये-जा नसेल, तर ते लागत नाही. कोणत्याही आडव्या छेदातून जाणारा प्रवाह `t² y'`च्या प्रमाणात असतो. `y₁`साठी तो टोकाशी शून्य होतो, तर `y₂`साठी −१ राहतो, म्हणजे टोकावर कोणीतरी पाणी आत-बाहेर करत असल्यासारखे. अशा वेळी `y₂` टाकून द्यावे. मुखाच्या मानाने टोकाशी भरतीचा चढउतार किती, हे मग एकट्या `y₁`वरून मिळते: `1/y₁(0.4)`, म्हणजे १.२३ पट. पण टोकापासून ४ किलोमीटरवर खाडीला आडवा खारलँड बंधारा घातला आणि त्याच्या झडपा बंद आहेत असे मानले, तर आपला प्रदेश `t = 0.04`पासून सुरू होतो, सिंग्युलर बिंदू त्याच्या बाहेर राहतो आणि `y₂` टाकून देण्याचे कारणच उरत नाही. बंधाऱ्याशी प्रवाह शून्य, म्हणजे `y' = 0`, ही अट एकटे `y₁` पाळू शकत नाही. तेथे त्याचा उतार −०.४९३ आहे.

म्हणून `y = y₁ + B y₂` घ्यावे. `t = 0.04`ला `y₂' = −651.83` येतो, त्यावरून `B = −0.000757`. मग बंधाऱ्याशी `y = 0.9588`, मुखाशी `y = 0.8106`, आणि दोहोंचे गुणोत्तर १.१८३ येते. बंधारा नसताना याच जागी ते १.२०६ होते. बंधाऱ्यामुळे खाडी आखूड झाली, म्हणून वाढही थोडी कमी झाली. हे समजण्यासारखे आहे.

आता हीच आकडेमोड चुकीच्या `y = 1/t`वरून करून पाहावी. `B = −0.000789` येतो आणि गुणोत्तर १.१८४. खरे १.१८३, चुकीचे १.१८४! भरतीची नोंद घेणारा कोणताही माणूस हा फरक मोजू शकणार नाही, आणि उत्तर पटण्यासारखे आहे एवढ्यावर विसंबून तपासणी करणारा परीक्षकही पूर्ण गुण देऊन मोकळा होईल. कारण उघड आहे: टोकाच्या इतक्या जवळ `y₂`मध्ये `1/t`चे वजन इतके मोठे आहे की लॉगचे पद त्याच्यापुढे झाकले जाते, २८.१३पैकी २५ एकट्या `1/t`चे आहेत. बंधारा मुखाच्या दिशेने सरकवून २० किलोमीटरवर नेला तर खरे गुणोत्तर १.०५२ आणि चुकीचे १.०५७ येते. चूक वाढली, पण ती अजूनही आपण होऊन समोर येत नाही. माझ्या मते या विषयात आकडा पटतो का हे पाहणे ही तपासणीच नव्हे.

खात्रीची तपासणी रॉन्स्कियनची आहे. `y'`चा सहगुणक `2/t` असल्यामुळे कोणत्याही दोन खऱ्या उत्तरांसाठी `y₁y₂' − y₁'y₂` ही राशी `1/t²`च्या प्रमाणात असलीच पाहिजे. म्हणजे तिला `t²`ने गुणले की स्थिरांक यायला हवा. आपल्या `y₂`साठी `t = 0.04`ला `0.980133 × (−651.826) + 0.493367 × 28.125` हे −६२५ होते, आणि `t² = 0.0016`ने गुणल्यावर −१. चुकीच्या `1/t`साठी हीच राशी `t = 0.04`ला −०.९६ आणि `t = 0.4`ला −०.६४ येते. ती स्थिर नाही, म्हणून `1/t` हे उत्तर नाही. आणि दुसरे उत्तर म्हणून पहिलेच पुन्हा आले असेल, तर ही राशी सर्वत्र शून्य येते. एकाच तपासणीत दोन्ही चुका पकडल्या जातात, तीही फक्त दोन बिंदूंवर किमती काढून.

याच राशीवरून लॉगचे पद येणार की नाही हेही आधी कळते. `y₂` म्हणजे `y₁` गुणिले `1/(t² y₁²)`चे संकलन, चिन्ह सोडून. `1/y₁²` उलगडल्यास `1 + t + ...` येते, म्हणून संकलनाखाली `1/t² + 1/t + ...` असते. त्यातल्या `1/t`चा सहगुणक १ आहे, आणि त्याच पदातून `ln t` निघतो. चिन्ह जुळवले की `C = −1` हेच पुन्हा मिळते. `y₁`ची पहिली दोनच पदे यासाठी पुरली.

शेवटी एक इशारा, कारण वरचे उदाहरण पाठ केले की विद्यार्थी उलट टोकाला जातात आणि मुळांत पूर्णांकाचा फरक दिसताच लॉग लिहून टाकतात. खाडीचा तळ सपाट आणि रुंदी मात्र `x²`च्या प्रमाणात वाढते असे माना. योग्य चल `s` घेतल्यावर समीकरण असे होते.

```
s y'' + 2 y' + s y = 0
```

इंडिशियल समीकरण तेच, मुळे तीच, ० आणि −१. पण येथे पुनरावर्ती संबंध `aₙ`ला `aₙ₋₁`शी न जोडता `aₙ₋₂`शी जोडतो. त्यामुळे लहान मुळावर `n = 1`ची पायरी `0 · a₁ = 0` अशी येते. ती आपोआप खरी आहे, `a₁` स्वैर आहे, आणि तो शून्य घेतल्यास `cos s / s` हे दुसरे उत्तर लॉगशिवाय मिळते. पहिले उत्तर `sin s / s`. म्हणजे पूर्णांकाचा फरक फक्त कोणती पायरी पाहायची ते सांगतो. लॉग येणार की नाही हे त्या पायरीवर उजव्या बाजूला काय उरते त्यावर ठरते. दोन्ही प्रकारांमधले अंतर किती आहे ते पाहायचे असेल, तर शेवटच्या पदात `s`ऐवजी `s + ε` लिहावे. मग `n = 1`ची पायरी `0 · a₁ = −ε a₀` अशी होते, `a₀ = 1` असताना लॉगचा सहगुणक नेमका `−ε` येतो, आणि `ε` शून्याकडे नेला की लॉगचे पद नाहीसे होऊन `cos s / s` परत मिळते.